दोन पोत्यांपैकी नत्र कुठल्यात स्वस्त? पायरीपायरीने हिशोब

समोर दोन पोती आहेत. पहिलं युरियाचं: वजन ४५ किलो, नत्र ४६ टक्के, किंमत १०३५ रुपये. दुसरं अमोनियम सल्फेटचं: वजन ५० किलो, नत्र २१ टक्के, किंमत ६३० रुपये. दुसऱ्या पोत्यात पाच किलो खत जास्त मिळतं आणि पैसे चारशे रुपयांनी कमी लागतात. नवख्या माणसाचा हात साहजिकच त्याच्याकडे जातो. पण पिकाला खताचं वजन लागत नाही, नत्र लागतं; आणि नत्राच्या भावाने पाहिलं तर दुसरं पोतं महाग आहे. किती महाग, ते महागपण कधी परवडतं आणि कधी नाही, हे याच दोन पोत्यांवर शेवटपर्यंत पाहू. किमती हिशोब समजावा म्हणून धरलेल्या आहेत. पद्धत तीच ठेवून त्यांच्या जागी तुमच्या पोत्यांचे आकडे घाला.

पायरी १: पोत्यावरचे आकडे वाचा

पोत्यावर ४६-०-० किंवा १८-४६-० असे तीन आकडे छापलेले असतात. क्रम ठरलेला आहे: पहिला नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशचा. तिन्ही वजनाचे टक्के आहेत, म्हणजे १०० किलो खतात तो घटक किती किलो आहे ते सांगतात. नत्राचा आकडा निव्वळ नत्राचाच असतो. स्फुरद आणि पालाश मात्र बहुतेक ठिकाणी त्यांच्या ऑक्साइडच्या रूपात मोजून छापतात, त्यामुळे ते आकडे दिसतात त्याहून मूलद्रव्य कमी असतं. आपला मुख्य हिशोब नत्राचा आहे, तेव्हा इथे त्याची अडचण येत नाही.

उरलेले ५४ टक्के म्हणजे भेसळ नव्हे. युरियाच्या रेणूत नत्राबरोबर कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन असतात. अगदी शुद्ध युरियातही नत्र साडेसेहेचाळीस टक्क्यांच्या थोडंसंच वर असतं, आणि शुद्ध अमोनियम सल्फेटात २१ टक्क्यांच्या जरासं वर. म्हणून ‘आमच्या युरियात ५० टक्के नत्र’ असं कोणी म्हणालं, तर ते रसायनशास्त्रालाच धरून नाही.

टक्क्यांइतकंच पोत्याचं निव्वळ वजनही महत्त्वाचं. सगळी पोती ५० किलोची असतात असं धरून चालू नका. ४५, ४० आणि २५ किलोचीही असतात, आणि शेजारी उभी केली तर डोळ्यांना फरक कळत नाही. छापील निव्वळ वजन वाचून लिहून घ्या.

पायरी २: पोत्यात नत्र किती किलो?

वजनाला टक्क्यांनी गुणायचं आणि १०० ने भागायचं.

युरिया: ४५ × ४६ ÷ १०० = २०.७ किलो नत्र.
अमोनियम सल्फेट: ५० × २१ ÷ १०० = १०.५ किलो नत्र.

वजनाने मोठं असलेल्या पोत्यात नत्र निम्मंच निघालं. खरं तर इथेच अर्धं उत्तर मिळतं.

पायरी ३: एका किलो नत्राचा भाव काढा

आता किंमतीला नत्राच्या किलोंनी भागा.

युरिया: १०३५ ÷ २०.७ = ५० रुपये.
अमोनियम सल्फेट: ६३० ÷ १०.५ = ६० रुपये.

किलोमागे दहा रुपयांचा फरक आहे, म्हणजे दुसऱ्या पोत्यातलं नत्र वीस टक्क्यांनी महाग.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे किंमतीला थेट टक्क्यांनी भागणं: १०३५ ÷ ४६ = २२.५ आणि ६३० ÷ २१ = ३०. या आकड्यांवरून दुसरं पोतं तेहेतीस टक्क्यांनी महाग वाटतं, कारण त्यात पाच किलो खत जास्त आहे हे हिशोबात आलंच नाही. दोन्ही पोती सारख्या वजनाची असतील तर ही वाट चालते. वजनं वेगळी असली की ती फसवते, आणि दोन भाव जवळजवळ असतील तर उत्तर उलटंही होऊ शकतं.

दुसरी चूक ‘युनिट’ या शब्दाची. नत्राचा भाव सांगताना कोणी युनिट म्हणजे एक किलो धरतो, तर कोणी एका टनाचा एक टक्का, म्हणजे १० किलो. दोघांचे भाव शेजारी मांडले तर दहापट फरक दिसेल. कोणी युनिटचा भाव सांगितला तर ‘म्हणजे किती किलो?’ हे आधी विचारा, आणि स्वतःच्या वहीत फक्त किलो वापरा.

संगणकावर तक्ता करणार असाल तर B रकान्यात निव्वळ वजन, C मध्ये नत्राचे टक्के (नुसता आकडा, टक्क्याचं चिन्ह न लावता) आणि D मध्ये किंमत भरा. मग E मध्ये हे लिहा:

```
=D2/(B2*C2/100)
```

C मध्ये टक्क्याचं चिन्ह लावलं तर तक्ता ४६ चं ०.४६ करतो आणि उत्तर शंभरपट येतं. भाव ५० च्या जागी ५००० दिसला तर चूक तिथेच शोधा.

पायरी ४: किंमत शेतापर्यंतची धरा

वाहतूक, हमाली आणि खत टाकण्याची मजुरी यांचा खर्च बहुतेक वेळा पोत्यामागे किंवा वजनामागे पडतो. गाडीत किंवा पाठीवर पोतं चढतं तेव्हा त्यात नत्र किती आहे हे कोणी पाहत नाही. त्यामुळे कमी टक्क्यांच्या खताला हा खर्च जास्त जाचतो. दोन्ही पोत्यांना शेतापर्यंत पोचायला प्रत्येकी ३० रुपये लागतात असं धरू.

युरिया: १०६५ ÷ २०.७ = ५१.४५ रुपये.
अमोनियम सल्फेट: ६६० ÷ १०.५ = ६२.८६ रुपये.

पोत्यामागचा खर्च सारखाच, तरी नत्राच्या भावातला फरक दहावरून साडेअकरा रुपयांच्या जवळ गेला. शेत जितकं लांब तितका हा फरक वाढत जातो. पुढच्या सगळ्या हिशोबात हेच दोन आकडे वापरायचे. दुकानातली छापील किंमत इथून पुढे विसरून जा.

पायरी ५: पोती मोजा

नत्राचा भाव अपूर्णांकात निघतो, पण पोतं पूर्णच विकत घ्यावं लागतं. समजा दोन हेक्टरला हेक्टरी ६० किलोप्रमाणे १२० किलो नत्र द्यायचं आहे. युरियाची ५.८, म्हणजे ६ पोती लागतील. खर्च ६३९० रुपये. अमोनियम सल्फेटची ११.४, म्हणजे १२ पोती लागतील. खर्च ७९२० रुपये. दोन्हीकडे थोडं नत्र उरतं: पहिल्यात ४.२ किलो, दुसऱ्यात ६ किलो. उरलेलं खत पुढच्या हप्त्याला वापरणार असाल तर ते वाया जात नाही. उघडं पोतं दमट हवेत ठेवून त्याचे खडे होणार असतील, तर तो पैसा खर्चातच धरा.

एक गोष्ट नीट तपासा. शिफारशीत ‘हेक्टरी ६० किलो नत्र’ असं म्हटलं असेल तर ते ६० किलो खत नव्हे. ६० किलो नत्र म्हणजे सुमारे १३० किलो युरिया, पण तेच अमोनियम सल्फेटचं मोजलं तर सुमारे २८६ किलो. दोन्ही खतं सारख्याच वजनाने टाकली तर दुसऱ्या शेताला निम्म्याहूनही कमी नत्र मिळेल. मग पीक पिवळं पडेल आणि दोष खताला दिला जाईल.

आतापर्यंतचं उत्तर स्पष्ट आहे: युरियातलं नत्र स्वस्त. पण हे पोत्यातल्या नत्राचं उत्तर झालं. पिकाला मिळणाऱ्या नत्राचा विचार करताना दोन गोष्टी हे उत्तर फिरवू शकतात. एक, हवेत उडून जाणारं नत्र. दुसरी, पोत्यात नत्राबरोबर फुकट आलेला गंधक.

हवेत उडणारं नत्र

युरिया जमिनीवर नुसता फोकून दिला तर मातीतलं आणि पालापाचोळ्यातलं युरिएज नावाचं विकर त्याचं विघटन करतं. त्या वेळी दाण्याभोवतीच्या मातीचा सामू वाढतो, अमोनिया वायू तयार होतो आणि वर उडून जातो. माती ओलसर आणि उबदार, वर पिकाचे अवशेष पसरलेले, सामू आधीच साडेसातच्या पुढे आणि पुढचे काही दिवस पाऊस नाही, अशी स्थिती असली की हे नुकसान सर्वांत जास्त होतं. बहुतेक नुकसान पहिल्या आठवडा-दीड आठवड्यातच होतं.

हे नुकसान किती, ते शेतात मोजणं अवघड आहे. म्हणून प्रश्न उलटा विचारायचा: किती नत्र उडालं तर युरियाचा स्वस्तपणा संपतो? ५१.४५ ला ६२.८६ ने भागा, उत्तर येतं ०.८२. म्हणजे युरियातलं सुमारे १८ टक्के नत्र उडालं आणि अमोनियम सल्फेटातलं काहीच उडालं नाही, तर दोन्ही भाव बरोबरीला येतात. २० टक्के उडालं तर उरलेल्या नत्राचा भाव ५१.४५ ÷ ०.८ = ६४.३१ रुपये होतो, आणि स्वस्त पोतं महाग ठरतं.

हा १८ टक्क्यांचा आकडा फार कामाचा आहे, कारण आता फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहतं: माझ्या शेतात एवढं नत्र उडेल का? युरिया चार-पाच सेंटिमीटर मातीआड केला, किंवा टाकल्यावर लगेच १० ते १५ मिलिमीटर पाणी देऊन आत मुरवला, तर नुकसान बरंच खाली राहतं आणि युरियाच परवडतो. उष्ण दिवसात, चुनखडीच्या जमिनीवर फोकून तसाच सोडून दिला, तर १८ टक्क्यांची मर्यादा ओलांडणं अवघड नाही. म्हणजे निर्णय खताच्या निवडीइतकाच मातीआड करण्याच्या सोयीवर अवलंबून आहे. ती सोय असताना महाग खत घेण्यात अर्थ नाही.

पण अमोनियम सल्फेटातलं काहीच उडत नाही, हे गृहीतक सगळीकडे चालत नाही. आम्लधर्मी किंवा उदासीन जमिनीत ते बऱ्यापैकी खरं आहे. चुनखडीच्या जमिनीत अमोनियम सल्फेटची चुन्याशी क्रिया होते आणि तिथूनही अमोनिया उडतो. म्हणजे युरियाचं नुकसान जिथे सर्वांत जास्त, नेमक्या त्याच जमिनीत त्याचा स्पर्धकही सुरक्षित नाही. तिथे खत बदलण्यापेक्षा ते मातीआड करणं हाच खरा उपाय आहे.

आणखी एक खबरदारी. शिफारशीतल्या मात्रेत नेहमीचं थोडंफार नुकसान बहुधा धरलेलंच असतं. म्हणून १२० किलोला पुन्हा स्वतःच्या अंदाजाने फुगवू नका. दोन खतांच्या नुकसानात जो फरक पडतो तेवढाच हिशोबात घ्या.

पोत्यातला गंधक

अमोनियम सल्फेटात सुमारे २४ टक्के गंधक असतो. ५० किलोच्या पोत्यात तो १२ किलो भरतो. जमिनीला गंधक हवा असेल आणि तो एरवी जिप्समसारख्या दुसऱ्या खतातून विकत घेतलाच असता, तर त्याची किंमत पोत्याच्या किंमतीतून वजा करणं योग्य आहे. दुसरीकडे गंधक २० रुपये किलोने पडतो असं धरू.

१२ × २० = २४० रुपये गंधकाचे.
६६० − २४० = ४२० रुपये नत्राचे.
४२० ÷ १०.५ = ४० रुपये किलो.

युरियाच्या ५१.४५ पुढे ४०! उत्तर पूर्ण उलटलं. पण इथेच थांबणारा सर्वांत मोठी चूक करतो. सगळं १२० किलो नत्र अमोनियम सल्फेटातून दिलं तर १२ पोत्यांतून १४४ किलो गंधक शेतात जाईल. दोन हेक्टरना हेक्टरी २० किलोप्रमाणे फक्त ४० किलो हवा असेल, तर बाकीच्या १०४ किलोंचे पैसे वजा करायचा तुम्हाला हक्क नाही, कारण तो गंधक तुम्ही विकत घेतलाच नसता. जो घटक खरोखर लागतो, त्याचीच आणि तेवढीच किंमत वजा करायची.

म्हणून दोन्ही पोती मिसळून हिशोब करा. ४० किलो गंधकासाठी अमोनियम सल्फेटची ३.३, म्हणजे ४ पोती लागतात. त्यातून ४८ किलो गंधक आणि ४२ किलो नत्र मिळतं. उरलेलं ७८ किलो नत्र युरियाच्या ४ पोत्यांतून (८२.८ किलो) भागतं. आता तिन्ही पर्याय शेजारी ठेवा:

सगळा युरिया आणि ४० किलो गंधक वेगळा: ६३९० + ८०० = ७१९० रुपये.
सगळं अमोनियम सल्फेट: ७९२० रुपये.
४ पोती अमोनियम सल्फेट आणि ४ पोती युरिया: २६४० + ४२६० = ६९०० रुपये.

मिश्र पर्याय सर्वांत स्वस्त निघाला, आणि त्यात नत्रही कमी पडत नाही. गंधकाची गरज माती परीक्षणातून कळत असेल तर त्यावरूनच धरा. अंदाजाने धरलेली गरज नेहमी महाग खताच्या बाजूने झुकते.

गंधकाचा आकडा वाचताना एक सापळा आहे. काही पोत्यांवर तो गंधक म्हणून न छापता SO₃ म्हणून छापतात. अमोनियम सल्फेटवर त्या पद्धतीने ६० दिसेल. तो आकडा ०.४ ने गुणा, २४ येईल. ६० टक्के गंधक समजून किंमत वजा केली तर नत्र जवळजवळ फुकट असल्याचं दिसेल, आणि असं उत्तर आलं की समजायचं, कुठेतरी आकडा चुकीचा वाचला आहे.

गंधकाच्या उलट बाजूला आम्लता आहे. दोन्ही खतं जमीन हळूहळू आम्ल करतात, पण तेवढ्याच नत्रामागे अमोनियम सल्फेट युरियाच्या सुमारे तिप्पट करतं. चुनखडीच्या जमिनीत त्याची चिंता नाही. जमीन आधीच आम्ल असेल आणि तुम्ही चुना टाकत असाल, तर जादा चुन्याचा खर्च अमोनियम सल्फेटच्या खात्यावर मांडा.

मिश्र खताचं पोतं समोर आलं तर

पद्धत गंधकासारखीच आहे. १८-४६-० चं ५० किलोचं पोतं शेतापर्यंत १६०० रुपयांना पडतं असं धरा. त्यात नत्र ९ किलो आणि पोत्यावर छापलेल्या मोजमापाने स्फुरद २३ किलो. १६०० ला ९ ने भागून नत्राचा भाव १७७.७८ रुपये काढला तर तो अन्याय आहे, कारण सगळी किंमत नत्राच्या माथी मारली. स्फुरद स्वतंत्र खतातून ५० रुपये किलोने मिळत असेल तर त्याचे ११५० रुपये वजा करा. उरलेले ४५० भागिले ९, म्हणजे ५० रुपये किलो, युरियाच्या आसपासच. स्फुरदाचा तो भाव काढतानाही छापील टक्केच वापरा, म्हणजे दोन्हीकडे एकच मोजमाप राहील. मात्र जमिनीत स्फुरद भरपूर असेल आणि पिकाला फक्त नत्र द्यायचं असेल, तर १७७.७८ हाच तुमचा खरा भाव.

द्रव खताच्या बाबतीत एवढंच लक्षात ठेवा: टक्के वजनाचे असतात आणि विक्री बऱ्याचदा लिटरवर होते. ३२ टक्के नत्राचं युरिया-अमोनियम नायट्रेटचं द्रावण पाण्यापेक्षा जड असतं, एक लिटर सुमारे १.३२ किलो भरतं. म्हणून १०० लिटरमध्ये नत्र ३२ नव्हे, तर सुमारे ४२ किलो असतं. घनता माहीत नसेल तर विचारून घ्या, ती धरल्याशिवाय तुलना करू नका.

किमती बदलल्या की

दर वेळी सगळा हिशोब नव्याने करायची गरज नाही. युरियाचा शेतापर्यंतचा भाव ५१.४५ असताना १०.५ किलो नत्र ५४० रुपयांचं होतं. त्यातून हमाली-वाहतुकीचे ३० वजा केले की ५१० उरतात. अमोनियम सल्फेटचं पोतं दुकानात ५१० च्या खाली मिळालं, तर ते नुसत्या नत्रासाठीही परवडतं. त्यातला सगळा गंधक कामी येणार असेल तर त्याचे २४० मिळवा, मर्यादा ७५० वर जाते. ७५० च्या वर गंधक हवा असला तरी युरिया घेऊन गंधक वेगळा घेणं स्वस्त. ५१० आणि ७५० च्या मध्ये, जिथे आपलं ६३० चं पोतं बसतं, तिथे गंधक लागेल तेवढीच पोती घ्यायची आणि बाकीचं नत्र युरियातून द्यायचं. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि युरियाचा भाव बदलला की तेवढेच दोन पुन्हा काढा.